टेंपो की पाहुण्यांसाठी खोल्या? दरवर्षी वेगळं उत्पन्न देणाऱ्या दोन धंद्यांतून एक कसा निवडावा

मांद्रेतलं एक घर धरू. पेडणे तालुक्यातलं, समुद्रापासून थोडं आत, मागच्या बाजूला तीन मोठ्या रिकाम्या खोल्या असलेलं. घरात १२ लाख रुपये उभे होऊ शकतात: सहा लाख साठवलेले, सहा लाख कर्जाचे. थोरल्या भावाला मालवाहू टेंपो घ्यायचा आहे, म्हापशाच्या बाजारात आणि बेळगावहून येणाऱ्या भाजीच्या फेऱ्यांत भाड्याने फिरवायला. धाकट्या बहिणीला त्या तीन खोल्या दुरुस्त करून, संडास-न्हाणीघर जोडून, पर्यटकांना द्यायच्या आहेत. पैसे एकाच कामाला पुरतील. दोघांचाही हिशेब कागदावर फायद्याचा दिसतो, पण एकाचे पैसे लवकर येतात आणि दुसऱ्याचे उशिरा. घर आणि आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत, पण असा पेच गोव्यात बऱ्याच घरांत पडतो.

अशा वेळी तीन मोजमापं वापरतात. पैसे किती वर्षांत परत येतात, ते सांगणारा परतफेड कालावधी, म्हणजे पेबॅक. पुढच्या सगळ्या पैशांची आजची किंमत काढून त्यातून गुंतवणूक वजा करणारं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. आणि गुंतवलेल्या पैशावर धंदा वर्षाला किती टक्के देतो ते सांगणारा अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर. बहुतेक वेळा तिन्ही एकाच बाजूने बोलतात आणि निवड सोपी होते. आपलं उदाहरण मुद्दाम असं घेतलं आहे की ती एकमेकांविरुद्ध जातात, कारण नवख्या माणसाची खरी अडचण तिथेच होते.

आधी वर्षागणिक हातात येणारी रक्कम मांडा

सूत्रं नंतर. सगळ्यात जास्त चुका आकडे मांडतानाच होतात, आणि त्या चुका कुठलंही सूत्र दुरुस्त करत नाही.

दर वर्षाला एकच आकडा लागतो: धंद्यात आलेली रोख वजा धंद्यासाठी गेलेली रोख. हा हिशेबाच्या वहीतला नफा नव्हे. वहीत टेंपोचा घसारा खर्च म्हणून दाखवतात, पण घसाऱ्यापोटी खिशातून पैसे जात नाहीत. पैसे गेले ते टेंपो घेतला त्या दिवशी, एकरकमी, आणि ते आपण सुरुवातीलाच वजा करणार आहोत. घसारा पुन्हा वजा केला तर तोच खर्च दोनदा लागतो. घसाऱ्यामुळे आयकर कमी होतो, तेवढीच त्याची दखल घ्यायची. इथे मी कर बाजूला ठेवला आहे. तुमच्या हिशेबात दोन्हीकडचे आकडे कर वजा करून घ्या.

कर्जाचा हप्ताही इथे वजा करायचा नाही, आणि हे बहुतेकांना पटत नाही. बँकेला द्यायचं व्याज आपण पुढे टक्केवारीच्या रूपात धरणार आहोत. हप्ता इथेही कापला तर तोच भार दुसऱ्यांदा लागेल. हप्ता परवडतो का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा हिशेब वेगळा करायचा. तो खाली केला आहे.

तिसरी गोष्ट घरच्या माणसाच्या कामाची. भाऊ म्हणतो, "टेंपो मीच चालवणार, ड्रायव्हरचा पगार कशाला धरायचा?" मग बहिणीनेही विचारावं, "दादा, मी दिवसभर चादरी बदलणार, पाहुण्यांचे फोन घेणार, त्याचं काय?" दोघांच्याही कामाची बाजारातली मजुरी खर्चात धरायची. एकाची धरली आणि दुसऱ्याची सोडली, तर ज्याची सोडली त्याचा धंदा फुकटच सरस ठरतो. घरगुती हिशेबांत सगळ्यात जास्त लबाडी इथे होते, आणि ती करणाऱ्यालाही कळत नाही असं माझं मत आहे.

आता आकडे. टेंपोचं पहिलं वर्ष: भाड्याचे ११ लाख. डिझेल ३ लाख २० हजार, चालवणाऱ्याची मजुरी १ लाख ८० हजार, विमा-परवाना-सर्व्हिसिंग-टायर मिळून १ लाख. उरले ५ लाख. पुढे गाडी जुनी होत जाते, दुरुस्तीचे दिवस वाढतात, फेऱ्या घटतात, म्हणून उरणारी रक्कम दरवर्षी कमी होते. पाचव्या वर्षी दीड लाख उरतात आणि गाडी विकून आणखी दीड लाख येतात.

खोल्यांचं उलट. पहिल्या वर्षी अभिप्राय नाहीत, नाव नाही, कागदपत्रांची धावपळ, जेमतेम ५० हजार उरतात. चौथ्या वर्षापर्यंत जम बसतो: तिन्ही खोल्या मिळून वर्षाला ४२० रात्री, सरासरी २,४०० रुपये, म्हणजे १० लाख ८ हजार. मजुरी १ लाख ८० हजार, वीज-धुलाई-डागडुजी १ लाख, बुकिंग साइटचं कमिशन ७८ हजार. उरले साडेसहा लाख. तीन खोल्यांच्या वर्षभरात १,०९५ रात्री होतात, त्यांपैकी ४२० म्हणजे सुमारे ३८ टक्के. ऑक्टोबर ते मार्च चांगले आणि पावसाळा जवळपास कोरडा धरला, तर हा अंदाज फार फुगवलेला नाही. पाचव्या वर्षी पुन्हा साडेसहा लाख, आणि पंखे, एसी, फर्निचर, वाढलेलं बांधकाम यांची तेव्हा उरलेली किंमत म्हणून दीड लाख.

लाखांत मांडलं तर असं दिसतं:

| वर्ष | टेंपो | खोल्या |
|---|---|---|
| ० (आज) | −१२.० | −१२.० |
| १ | ५.० | ०.५ |
| २ | ४.५ | २.५ |
| ३ | ३.५ | ४.५ |
| ४ | २.५ | ६.५ |
| ५ | ३.० | ८.० |

खोल्या पाच वर्षांनंतरही चालू राहतील, हे खरं. मग त्यांना दहा वर्षं का धरू नये? कारण टेंपो पाचव्या वर्षी विकला जातो आणि त्यानंतर त्या पैशाचं काय होणार, ते आपण मांडलेलं नाही. दोन्हींचा हिशेब एकाच मुदतीचा हवा. मुदतीनंतर वस्तूत काही किंमत उरत असेल, तर ती शेवटच्या वर्षात घालायची. आणि ती हात आखडता ठेवून घालायची, कारण मनासारखं उत्तर हवं असलं की लोक पहिल्यांदा हाच आकडा वाढवतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. त्या खोल्यांपैकी एखादी आत्ता भाड्याने दिलेली असेल, तर बंद होणारं भाडं खोल्यांच्या प्रकल्पातून वजा करायचं. उलट, नकाशा काढायला इंजिनिअरला आधीच दिलेले पैसे धरायचे नाहीत. काहीही ठरवलं तरी ते परत येणार नाहीत.

पेबॅक: बेरीज करत जा

उत्पन्न दरवर्षी सारखं नसल्यामुळे १२ लाखांना सरासरीने भागून चालत नाही. वर्षागणिक बेरीज करायची आणि १२ कुठे गाठले ते पाहायचं.

टेंपो: दोन वर्षांत ५ अधिक ४.५, म्हणजे साडेनऊ लाख. अडीच लाख बाकी. तिसऱ्या वर्षी साडेतीन लाख येतात, म्हणजे त्या वर्षाचा ०.७१ भाग लागेल. पेबॅक २.७ वर्षं.

खोल्या: तीन वर्षांत ०.५, २.५ आणि ४.५ मिळून साडेसात लाख. साडेचार लाख बाकी, चौथ्या वर्षी साडेसहा लाख येतात. पेबॅक ३.७ वर्षं.

टेंपो एक वर्षाने पुढे. पण हे मोजमाप दोन ठिकाणी आंधळं आहे. परतफेड झाल्यानंतर काय येतं, ते त्याला दिसत नाही. खोल्यांचे पाचव्या वर्षीचे आठ लाख त्याच्या लेखी नसल्यात जमा आहेत. आणि पहिल्या वर्षीचा रुपया व तिसऱ्या वर्षीचा रुपया त्याला सारखेच वाटतात. म्हणून निवड पेबॅकवर सोपवायची नाही. तो कशासाठी उपयोगी आहे, ते हप्त्याच्या हिशेबात दिसेल.

एनपीव्ही: आधी दर ठरवा

पुढच्या वर्षी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत किती, हे ठरवायला एक टक्केवारी लागते. तिला वटाव दर म्हणू. हा दर आकाशातून पडत नाही. या १२ लाखांचा वर्षाचा खर्च किती, एवढंच तो सांगतो.

आपल्या घरात सहा लाख कर्जाचे आहेत, समजा साडेदहा टक्क्यांनी. उरलेले सहा लाख स्वतःचे. ते फुकट आहेत असं मानू नका; बँकेत ठेव ठेवली असती तर काही जोखीम न घेता व्याज मिळालं असतं, आणि धंद्यात बुडायची भीती आहे म्हणून त्याहून बरंच जास्त मिळायला हवं. समजा या घराला स्वतःच्या पैशावर साडेतेरा टक्के मिळावेत असं वाटतं. निम्मे-निम्मे पैसे आहेत, म्हणून सरासरी १२ टक्के. तोच आपला दर.

आता वर्षाअखेर मिळणारे १०० रुपये आज १०० भागिले १.१२, म्हणजे ८९ रुपये २९ पैशांचे. दोन वर्षांनी मिळणारे १०० रुपये पुन्हा १.१२ ने भागायचे, म्हणजे ७९ रुपये ७२ पैसे. असं पुढे. या पद्धतीने पाच वर्षांचे गुणक असे येतात: ०.८९२९, ०.७९७२, ०.७११८, ०.६३५५, ०.५६७४. प्रत्येक वर्षाची रक्कम त्या वर्षाच्या गुणकाने गुणायची.

| वर्ष | टेंपोची आजची किंमत | खोल्यांची आजची किंमत |
|---|---|---|
| १ | ४.४६ | ०.४५ |
| २ | ३.५९ | १.९९ |
| ३ | २.४९ | ३.२० |
| ४ | १.५९ | ४.१३ |
| ५ | १.७० | ४.५४ |
| बेरीज | १३.८३ | १४.३१ |
| वजा गुंतवणूक | १२.०० | १२.०० |
| एनपीव्ही | १.८३ | २.३१ |

दोन्ही आकडे शून्याच्या वर आहेत, म्हणजे दोन्ही धंदे आपला १२ टक्क्यांचा खर्च भागवून वर काही देतात. टेंपो आजच्या किमतीत १ लाख ८३ हजार, खोल्या २ लाख ३१ हजार. एकच निवडायचा, तर एनपीव्ही म्हणतं खोल्या.

संगणकावर करताना एक सापळा आहे. स्प्रेडशीटमधलं `NPV` फंक्शन यादीतला पहिला आकडा एका वर्षानंतरचा समजतं. आजची गुंतवणूक त्याच यादीत घातली, तर तीही एक वर्ष पुढे ढकलली जाते. म्हणून ती बाहेर ठेवून बेरीज करायची. टेंपोचे आकडे B2 ते B7 या घरांत वरपासून खाली असतील, तर:

```
=B2+NPV(12%,B3:B7)
=IRR(B2:B7)
```

B2 मध्ये −12 उणे चिन्हासह लिहायचे. `=NPV(12%,B2:B7)` असं केलंत, तर टेंपोचं उत्तर १.८३ ऐवजी १.६४ येईल. `IRR` ला मात्र आजची गुंतवणूक यादीत लागतेच.

आयआरआर: आणि इथे गोंधळ सुरू होतो

दर वाढवत नेला की उशिरा येणाऱ्या पैशांची किंमत घसरते आणि एनपीव्ही कमी होतं. ज्या दराला ते बरोबर शून्यावर येतं, तो आयआरआर. उत्पन्न दरवर्षी वेगळं असेल तर यासाठी थेट सूत्र नाही, दर बदलून बदलून शोधावा लागतो.

खोल्यांचं करून पाहू. १७ टक्क्यांना एनपीव्ही येतं अधिक १८ हजार. १८ टक्क्यांना उणे १९ हजार. शून्य साधारण मधोमध, म्हणजे १७.५ टक्के. टेंपोला १८ टक्क्यांना अधिक २० हजार येतात आणि १९ टक्क्यांना उणे ४ हजार, शून्य १८.८ टक्क्यांपाशी. स्प्रेडशीटही हेच सांगेल.

म्हणजे पेबॅक म्हणतो टेंपो, आयआरआर म्हणतो टेंपो, आणि एनपीव्ही म्हणतं खोल्या. भाऊ म्हणेल, दोन विरुद्ध एक. पण इथे मतमोजणी नसते.

कारण असं. १८.८ टक्के हा दर धंद्यात त्या-त्या वेळी अडकून असलेल्या पैशावरचा आहे. टेंपोत पैसा पटकन मोकळा होतो. दोन वर्षांनंतर त्यात साधारण निम्माच पैसा अडकलेला असतो, आणि तेवढ्यावरच चांगला टक्का मिळत राहतो. खोल्यांत टक्का किंचित कमी, पण पैसा जास्त वर्षं कामाला लागलेला. टेंपोतून सुटलेल्या पैशाचं तुम्ही पुढे काय करणार, हे आयआरआरला माहीत नसतं. टक्केवारी तुलनेला घेताना मात्र आपण नकळत धरून चालतो की त्या पैशावरही १८.८ टक्केच मिळतील. ते बँकेच्या ठेवीत गेले, तर मिळणार नाहीत.

म्हणून वाद मिटवायचा तर दोन प्रकल्पांच्या फरकाचा हिशेब करा. खोल्यांतून टेंपो वजा केला की लाखांत हे उरतं:

| वर्ष | खोल्या वजा टेंपो |
|---|---|
| ० | ० |
| १ | −४.५ |
| २ | −२.० |
| ३ | १.० |
| ४ | ४.० |
| ५ | ५.० |

हा तक्ता नीट वाचा, कारण सगळी निवड यातच आहे. टेंपो सोडून खोल्या घेणं म्हणजे पहिल्या दोन वर्षांत मिळू शकणारे साडेसहा लाख सोडून देणं, आणि त्याबदल्यात पुढच्या तीन वर्षांत दहा लाख घेणं. ही एक स्वतंत्र गुंतवणूक समजा आणि तिचा आयआरआर काढा. तो येतो १५ टक्के. १५ टक्के दर लावला, तर दोन्ही प्रकल्पांचं एनपीव्ही सारखंच येतं, सुमारे ९८ हजार, पडताळून पाहा.

आता भांडायला काही उरत नाही. पहिल्या दोन वर्षांत टेंपोचे पैसे हातात आले असते, तर ते या घराने दुसरीकडे कुठे १५ टक्क्यांहून जास्त दराने लावले असते का? भाऊ त्यातून दुसरा टेंपो घेणार असेल आणि त्यालाही तितकंच काम मिळणार असेल, तर होय, आणि मग टेंपो बरोबर. ते पैसे ठेवीत, सोन्यात किंवा चवथीच्या खर्चात जाणार असतील, तर खोल्या. दर १५ च्या खाली असलेल्या घराला खोल्या, वर असलेल्या घराला टेंपो. महाग कर्ज काढणाऱ्याला, समजा खासगी सावकाराकडून १८ टक्क्यांनी, टेंपोच बरा: १८ टक्क्यांना टेंपोत २० हजार उरतात आणि खोल्यांत १९ हजार जातात.

आयआरआरचा आणखी एक दोष सांगून पुढे जाऊ. शेवटी मोठा खर्च येणाऱ्या धंद्यात तो दोन उत्तरं देऊ शकतो. चिरेखाण घ्या: समजा आज १० लाख घातले, वर्षभरात २३.३ लाख मिळाले, आणि दुसऱ्या वर्षाअखेर खड्डा बुजवून जमीन सारखी करायला १३.५ लाख गेले. याचा आयआरआर ८ टक्केही आहे आणि २५ टक्केही, दोन्ही दरांना एनपीव्ही शून्य येतं. स्प्रेडशीट त्यातला एकच दाखवेल आणि दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. १२ टक्क्यांना या धंद्याचं एनपीव्ही जेमतेम चार हजार आहे. २५ टक्के वाचून हुरळलेल्या माणसाला ते दिसणारच नाही. ओळखायची खूण सोपी: वर्षांच्या रांगेत उणे-अधिक चिन्ह एकापेक्षा जास्त वेळा बदलत असेल, तर आयआरआरवर विसंबू नका. आपल्या दोन्ही प्रकल्पांत ते एकदाच बदलतं.

हप्ता भागतो का

एनपीव्हीने खोल्या निवडल्या. आता बाजूला ठेवलेला हप्ता समोर घ्या. सहा लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं: महिन्याचा हप्ता साधारण १२,९०० रुपये, वर्षाचे सुमारे १ लाख ५५ हजार. खोल्यांच्या पहिल्या वर्षी हातात येतात ५० हजार. म्हणजे १ लाख ५ हजार कमी पडतात, आणि तेही वर्षभर सारखे नाही. जून ते सप्टेंबर पाहुणे नसताना हप्ता चालूच राहतो. वर्षाचा एक आकडा धरल्यामुळे ही चार महिन्यांची ओढाताण आपल्या तक्त्यात दिसत नाही. म्हणून पहिल्या वर्षापुरता तरी महिन्यागणिक हिशेब करा.

हे लाख-सव्वा लाख घराकडे वेगळे असले पाहिजेत. नसतील, तर एनपीव्ही कितीही चांगलं असो, दुसऱ्या सीझनपर्यंत पोचण्याआधीच उधारी सुरू होईल. लांब पेबॅकचा प्रकल्प दिसला की ही तपासणी करायची, एवढ्यासाठी तो आकडा काढायचा. बँकेशी बोलताना पहिले काही महिने फक्त व्याज भरायची सवलत मिळते का, ते विचारा. टेंपोवाल्याला हा प्रश्न पडत नाही. पहिल्या वर्षीचे पाच लाख हप्त्याच्या तिपटीहून जास्त आहेत.

कुठला आकडा चुकला तर निर्णय उलटेल?

अंदाज चुकणारच. कुठल्या चुकीने निवड बदलते, ते आधी शोधा.

मी दोन गोष्टी तपासेन. पहिली, खोल्यांची शेवटी धरलेली दीड लाखाची किंमत. ती काढून टाकली, तर एनपीव्ही ८५ हजारांनी घटतं आणि १ लाख ४६ हजारांवर येतं, टेंपोच्या खाली. म्हणजे खोल्यांचा विजय पाच वर्षांनी जुन्या झालेल्या फर्निचरच्या आणि बांधकामाच्या अंदाजावर टेकलेला आहे. अर्थात पाच वर्षांनी खोल्या मोडीत निघत नाहीत, त्या आणखी कमावतात, म्हणून दीड लाख मला कमीच वाटतात. पण हा आकडा कुठून आला, ते बहिणीला सांगता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट उशीर, आणि ती जास्त धोक्याची आहे. गोव्यात पर्यटकांना खोल्या द्यायच्या, तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. त्याशिवाय बांधकामाला पंचायतीची परवानगी. कागद अडकले, किंवा छपराचं काम पावसाआधी संपलं नाही आणि सीझन हातचा गेला, तर खोल्यांचे सगळे आकडे एक वर्ष पुढे सरकतात. १२ लाख मात्र आजच गेलेले असतात. मग १४.३१ लाखांना आणखी एकदा १.१२ ने भागायचं: १२.७८. एनपीव्ही उरतं फक्त ७८ हजार. टेंपो १ लाख ८३ हजारांवर उभा आहेच.

हे स्प्रेडशीटवर तपासताना खोल्यांचे आकडे एक घर खाली सरकवा, सूत्रातली यादीही शेवटी एक घर वाढवा, आणि पहिल्या वर्षाच्या घरात 0 टाइप करा, घर रिकामं सोडू नका. `NPV` आणि `IRR` रिकामी घरं मोजतच नाहीत. ती वगळून पुढचे आकडे एक वर्ष अलीकडे ओढतात. वर्षभर उशीर घालूनही उत्तर २.३१ च राहिलं, तर समजा रिकामं घर आहे.

एक वर्षाने निवड उलटते, तर नेमका किती उशीर चालेल? खोल्यांची १४.३१ ही बेरीज टेंपोच्या १३.८३ वर यायला १२ टक्क्यांनी सुमारे ०.३ वर्ष लागतं, साडेतीन महिने. खोल्यांना एवढीच ढील आहे. मार्चमध्ये काम काढून जूनच्या पावसात अडकलं आणि ऑक्टोबरऐवजी जानेवारीत पहिला पाहुणा आला, तर ती संपते. शिवाय डिसेंबरची भाडी वर्षातली सगळ्यात चढी असतात, म्हणून खरं नुकसान या सरळ हिशेबाहून जास्तच होईल. तेव्हा बहिणीने गवंड्याला आगाऊ रक्कम देण्याआधी पंचायतीचा आणि पर्यटन खात्याचा कागद कुठवर आलाय ते पाहावं. गवंड्याकडून छपराची तारीख लिहून घ्यावी. कागद मार्चपर्यंत हातात येत नसेल, तर दोनच गोष्टी मांडायच्या: काम पुढच्या वर्षावर टाकून १२ लाख तोवर ठेवीत ठेवायचे, की आत्ताच टेंपो घ्यायचा. या दोन्हींचाही एनपीव्ही काढता येतो, आणि तो काढून मगच भावाला शोरूममध्ये पाठवावं.